दप्तराची गोष्ट तिसऱ्या मिनिटाला का?

*बीड जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही काही शिक्षक मिळून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो. नोव्हेंबर ते मार्च, पाच महिने, ३० मुलं. संस्था नोंदणीकृत आहे, दात्याला करसवलत देणारं ८०जी आहे, परदेशी देणगीसाठी लागणारी एफसीआरए नोंदणी नाही. शासनाचं अनुदान आम्हाला मिळत नाही. यंदा क्राउडफंडिंग करायचं ठरवलंय. व्हिडिओची संहिता मीच लिहिली, ती आणि खर्चाचा तक्ता सोबत जोडतो. साडेचार मिनिटांची झाली आहे. ज्यांना वाचून दाखवली ते सगळे ‘छान आहे’ म्हणाले, पण ‘मग मी किती देऊ?’ असं कुणीच विचारलं नाही. एक मित्र म्हणतो, मुलीला रडताना दाखवा, लोक त्यालाच पैसे देतात. मला ते पटत नाही, पण पैसे तर लागणारच आहेत. संहिता कशी सुधारू?*
*– एक शिक्षक, बीड जिल्हा*

सर, नमस्कार.

संहिता आणि तक्ता दोन्ही सावकाश वाचले. तुमच्याकडे गोष्ट आहे आणि हिशेबही आहे. पण गोष्ट तिसऱ्या मिनिटाला एका वाक्यात येऊन जाते, आणि हिशेब संहितेत आलेलाच नाही.

सुरुवातीला संस्थेची स्थापना, मग उद्दिष्टं, मग अध्यक्षांचं मनोगत, मग दीपप्रज्वलनाचे फोटो, मग ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर एक मिनिटाचं निवेदन. आणि त्यानंतर हे वाक्य: ‘मागच्या हंगामात एक आई टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी मुलीचं दप्तर घेऊन आली आणि म्हणाली, हिला ठिवून घ्या, मी चौथीत असताना फडावर गेले ती परत शाळंत बसलेच नाही.’ पुढच्याच ओळीत तुम्ही पुन्हा ‘अशा अनेक कुटुंबांना संस्थेने आधार दिला’ या भाषेवर आलात.

व्हिडिओ त्या दप्तरापासून सुरू करा. आधीचं सगळं काढून टाका. स्थापना, नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावं यांची जागा मोहिमेच्या पानावर, व्हिडिओच्या खाली आहे. ज्याला पैसे द्यायचे असतील तो ते तिथं वाचेलच. व्हिडिओ बघणाऱ्यानं मात्र अजून काही ठरवलेलं नसतं. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत त्याला माणूस भेटला नाही, तर तो पुढं सरकतो.

याच प्रसंगानं सुरुवात करा म्हणतोय, कारण त्यात तुमचं सगळं काम आपोआप सांगून होतं. एक बाई आहे, तिला काहीतरी हवं आहे, आणि उद्या सकाळी गाडी निघणार आहे. तिच्यावर जे आलं ते मुलीवर येऊ नये म्हणून ती स्वतः एक निर्णय घेते आणि चालत तुमच्या दाराशी येते. तुम्ही त्या गोष्टीत फक्त दार उघडणारे आहात. निधी मागणाऱ्या व्हिडिओत संस्थेला एवढीच भूमिका शोभते. आत्ताच्या संहितेत संस्था प्रत्येक वाक्याचा कर्ता आहे: संस्थेने केले, संस्थेने दिले, संस्थेने घडवले. ऐकणाऱ्याला वाटतं, यांचं तर सगळं छान चाललंय, माझं इथं काय काम?

दुसरी एक ओळ मला खटकली आणि ती तातडीनं काढा. ‘आईवडील मुलांना वाऱ्यावर सोडून सहा महिने निघून जातात.’ तुम्ही ती रागानं लिहिली नसेल, वाक्याच्या ओघात आली असेल. पण ठाण्यात किंवा पुण्यात बसून बघणारा माणूस तिथंच आईबापांना गुन्हेगार ठरवून मोकळा होतो. उचल म्हणजे काय हे त्याला माहीत नसतं. मुकादमाकडून हंगामाआधीच पैसे घेतलेले असतात आणि ते तोडीतून फेडायचे असतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघांच्या कामावर उचल ठरते, म्हणून आई मागं राहू शकत नाही, हेही त्याला ठाऊक नसतं. घरात म्हातारं माणूस धडधाकट असेल तर मुलं त्याच्यापाशी राहतात, नसेल तर गाडीत बसतात. फडावर मग धाकट्याला सांभाळणं, पाणी आणणं, बैलांना वाढं घालणं हीच त्यांची शाळा होते. हे सगळं दोन-तीन साध्या वाक्यांत सांगता येतं, आणि ते सांगितलं की आईचं दप्तर घेऊन येणं किती मोठं आहे ते कळतं. तुमचं एक मिनिटाचं निवेदन या दोन-तीन वाक्यांत बसतं.

आता रडण्याबद्दल. तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे, त्यावर ठाम राहा. तुमच्या संहितेत एक जागा आहे जिथं कॅमेऱ्यासमोर मुलीला ‘आईची आठवण येते का?’ असं विचारायचं ठरलंय. तो प्रश्न रडवण्यासाठीच आहे, हे मुलीलाही कळेल. दहा वर्षांची मुलगी या व्हिडिओला खऱ्या अर्थानं संमती देऊ शकत नाही. ज्या सरांकडे ती राहते, जेवते, त्यांना ती नाही म्हणणार कशी? आणि एकदा व्हॉट्सॲपवर गेलेला व्हिडिओ परत घेता येत नाही. ती कॉलेजात जाईल तेव्हाही तो कुणाच्या तरी फोनमध्ये असेल. म्हणून मुलीचा चेहरा, नाव आणि गावाचं नाव यांतलं काहीही व्हिडिओत नको. पाठमोरी मुलगी चालेल, वहीवर लिहिणारा हात चालेल, ताटांची रांग चालेल.

गोष्ट आईलाच सांगू दे. ती प्रौढ आहे, निर्णय तिचा होता, तो तिनंच सांगितला तर त्याला वजन आहे. मात्र संमती तिचीही नीट घ्या. ‘एक छोटा व्हिडिओ करू’ एवढंच म्हणून भागणार नाही. हा व्हिडिओ अनोळखी लोक बघतील, नातेवाईक बघतील, मुकादमही बघेल, हे स्पष्ट सांगा. उचलीचा आकडा किंवा मुकादमाचं नाव तिच्या तोंडून आलं तर ते कापा, कारण पुढच्या हंगामात तिला त्याच माणसाकडे काम करायचं आहे. तिनं नाही म्हटलं तर तिचे शब्द तुम्ही तुमच्या तोंडून सांगा, ‘एक आई’ एवढीच ओळख ठेवून. गोष्ट तेवढ्यानं कमजोर होत नाही. आणि ती हो म्हणाली तर तयार झालेला व्हिडिओ सगळ्यात आधी तिला दाखवा, अध्यक्षांना नंतर. तो प्रसिद्ध करायचा का याचा शेवटचा शब्द तिचा.

तिचं बोलणं रेकॉर्ड करताना लिहून दिलेली वाक्यं म्हणायला लावू नका. घोकलेलं ताबडतोब कळतं. तिच्या घरी, ओट्यावर, सावलीत बसा. ‘तुम्हाला तेव्हा कसं वाटलं?’ असं विचारलंत तर ‘वाईट वाटलं’ याच्या पलीकडे उत्तर येणार नाही. त्याऐवजी ‘त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा’ असं विचारा. मग भांडी कोणती बांधली, गाडी कुठं उभी होती, मुलगी काय म्हणत होती, दप्तर भरलं कुणी, हे सगळं येईल. ती बोलत असताना मध्ये ‘हो हो’, ‘बरोबर’ म्हणू नका. तुमचा आवाज तिच्या आवाजावर पडला की तो तुकडा वाया जातो. ती थांबली की तुम्हीही थोडं थांबा. बऱ्याचदा त्या थांबण्यानंतरच खरं वाक्य येतं. दहा-पंधरा मिनिटं रेकॉर्ड करून त्यातली चाळीस सेकंदं ठेवायची आहेत, हे मनात असू द्या. तिची बोली आहे तशी ठेवा, खाली मराठी अक्षरं द्या. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच बघतात, त्यामुळे ती अक्षरं सगळ्या व्हिडिओभर लागतील.

आता मागण्याकडे येतो. मला जास्त काळजी याच भागाची वाटते.

तुमची संहिता शेवटी म्हणते: ‘फक्त १,५०० रुपयांत एका मुलाचं आयुष्य बदला. आमचं लक्ष्य १० लाख. तुमची संपूर्ण देणगी मुलांपर्यंत पोहोचते. देणगी शंभर टक्के करमुक्त. देश-विदेशातील दात्यांनी यथाशक्ती मदत करावी.’ या पाच वाक्यांतलं एकही वाक्य तुमच्याच तक्त्याशी आणि कागदपत्रांशी जुळत नाही. फसवायचा हेतू नाही हे मला कळतं. पण देणारा माणूस हेतू बघू शकत नाही, तो वाक्य बघतो.

तुमचा तक्ता असा आहे. जेवण आणि गॅस २,७०,००० रुपये, म्हणजे मुलामागे दिवसाला ६०. स्वयंपाक करणाऱ्या दोघी आणि मुलांना सांभाळणाऱ्या दोघी, प्रत्येकीला महिना १०,०००, पाच महिन्यांचे २,००,०००. भाडं, वीज, अंथरूण-पांघरूण, साबण, औषधं मिळून १,३०,०००. एकूण ६ लाख. त्यापैकी गावातून धान्य आणि वर्गणी मिळून दीड लाखाची सोय झालेली आहे.

६ लाखांना ३० मुलांनी आणि पाच महिन्यांनी भागा. एका मुलाच्या एका महिन्याचे ४,००० रुपये होतात. तुम्ही १,५०० लिहिलंत, कारण कुणीतरी फक्त किराणा-भाजी धरली असणार. पण किराणा स्वतः शिजत नाही आणि रात्री ताप आलेल्या मुलाजवळ बसत नाही. ज्या बाया हे करतात त्यांचा पगार हा खर्चच आहे, आणि तो लाजत लपवण्यासारखा नाही. ‘संपूर्ण देणगी मुलांपर्यंत’ या वाक्यानं तुम्ही त्या चौघींना हिशेबातून पुसून टाकता. आणि उद्या कुणी लेखापरीक्षण अहवाल मागितला, त्यात दोन लाख पगाराचे दिसले, की त्याला वाटणार, हे खोटं बोलले होते. त्यापेक्षा पगार व्हिडिओतच सांगा. मुलांना सांभाळायला पगारी, जबाबदार बाई आहे हे ऐकून देणाऱ्याचा विश्वास वाढतो.

जेवणाचंही एक बघा. संहितेत ‘तीन वेळचं जेवण’ आहे. पण शाळेच्या दिवशी दुपारी मुलं शाळेतच पोषण आहार घेतात ना? तुमच्या तक्त्याखालच्या टिपेत तसंच लिहिलंय. मग ६० रुपयांत सकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण आणि सुट्टीच्या दिवशीचं दुपारचं जेवण येतं. तेच सांगा. शाळेत पोषण आहार असतो हे बघणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत असतं, आणि एक गोष्ट फुगवलेली दिसली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

१० लाखांचं कारण तुम्ही पत्रासोबतच्या चिठ्ठीत दिलंय: ‘लोक निम्मंच देतात, म्हणून दुप्पट मागतोय.’ असं करू नका. साडेचार लाखांची गरज असताना १० लाखांचा फलक लावला, तर साडेचार लाख जमल्यावरही मोहीम निम्म्यावर अडकलेली दिसेल. पडलेली मोहीम बघून नवीन माणूस देत नाही. आणि चुकून खरंच १० लाख आले, तर वरच्या साडेपाच लाखांचं काय करणार हे तुमच्याकडे लिहिलेलं नाही.

मग नेमकं किती मागायचं? ४,००० पैकी १,००० रुपये गावानंच दिलेत, कारण दीड लाख भागिले दीडशे मूल-महिने बरोबर १,००० येतात. उरतात ३,०००. म्हणजे तुम्हाला दीडशे माणसं हवी आहेत, प्रत्येकानं एका मुलाचा एक महिना उचलायचा. दिवसावर आणलं तर १०० रुपये. इतका स्वच्छ हिशेब क्वचित जुळतो, तुमचा जुळला आहे, तर त्याचा पुरेपूर उपयोग करा. ‘यथाशक्ती’ म्हटलं की देणारा अडखळतो: कमी दिलं तर बरं दिसेल का, जास्त देऊन बसलो तर? आकडा सांगितला की तो मोकळा होतो. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडानं माणशी एक पैसा मागितला होता. इतक्या नेमक्या मागणीतून जमलेल्या पैशांवर १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला.

आणि गावाचे १,००० रुपये आवर्जून सांगा. गावानं स्वतः आधी हात घातलाय हे ऐकलं की बाहेरच्या माणसाला आपण कशात भर घालतोय ते कळतं.

एक बारीक काळजी. ‘तुमच्या ३,००० रुपयांतून एक मुलगी महिनाभर राहील’ असं वाक्य सहज सुचतं. पण पैसे एकाच खात्यात येतात आणि तिथून सगळ्यांसाठी खर्च होतात. एका दात्याचे पैसे एका मुलाच्या नावावर जात नाहीत. म्हणून ‘एका मुलाच्या एका महिन्याचा खर्च’ म्हणा, ‘तुमचं मूल’ म्हणू नका. नाहीतर जानेवारीत फोन येतील, माझ्या मुलीचा फोटो पाठवा म्हणून.

मोहिमेच्या संकेतस्थळाचे पैसेही आधीच धरा. काही ठिकाणी ते टक्केवारी घेतात. काही ठिकाणी ‘शून्य शुल्क’ असतं, पण पैसे भरताना दात्यासमोर ‘टिप’ म्हणून काही टक्के आधीच निवडलेले येतात. ती टिप संस्थेला मिळत नाही, संकेतस्थळाला जाते, आणि दाता ती कमी किंवा शून्य करू शकतो. हे तुमच्या पानावर एका ओळीत लिहा, म्हणजे ३,००० द्यायला आलेल्या माणसाचा खात्यातून जास्त पैसे गेल्यावर तुमच्यावर राग होणार नाही. शिवाय पेमेंटचा खर्च आणि त्यावरचा जीएसटी कापला जातो. तुम्ही जिथं मोहीम लावाल तिथला नेमका दर लेखी मागून घ्या. समजा सगळं मिळून शंभराला ३ रुपये कापले जाणार असतील, तर लक्ष्य ४,६५,००० ठेवा, म्हणजे १५५ जणांचे ३,०००. त्यातून हातात साधारण ४,५१,००० पडतील. साडेचार लाख हवे असताना ४,६५,००० का, हेही पानावर लिहा.

करसवलतीचं वाक्य बदला. तुमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जीखाली साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्यालाच, आणि रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर त्यावर ती मिळत नाही. व्हिडिओत ‘८०जीची पावती मिळेल’ एवढंच पुरे, बाकीचं पानावर. आणि ‘विदेशातील दाते’ हे शब्द आत्ताच खोडा. एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी नागरिकाकडून एक रुपयाही घेता येत नाही. न्यू जर्सीत राहणारा तुमच्याच गावचा माजी विद्यार्थी असला आणि त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं असलं, तर कायद्याच्या दृष्टीनं त्याचे पैसे विदेशीच. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहूनही आपल्या कमाईतून, नेहमीच्या बँक मार्गानं देऊ शकतो. म्हणून पानावर लिहा: ‘देणगी भारतीय नागरिकांकडूनच स्वीकारतो.’ मोहीम लावताना परदेशी कार्डांचा पर्याय बंद ठेवता येतो का तेही विचारा.

आता मुदत. ‘वेळ फार कमी आहे, आत्ताच द्या’ हे वाक्य सगळेच वापरतात, त्यामुळे ते कुणी ऐकत नाही. तुमच्याकडे खरी मुदत आहे, आणि ती तुम्ही कुठंच सांगितलेली नाही. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या हलतात. त्याआधी कोणती मुलं राहणार हे आईबापांना सांगावं लागतं, नाहीतर ते मुलांची गाडीत सोय करून ठेवतात. म्हणून १५ ऑक्टोबर धरा आणि कारणासकट सांगा.

पैसे पूर्ण नाही आले तर काय, हेही सांगा. हे बोलायला बहुतेक संस्था घाबरतात, पण मला मागण्यातला सगळ्यात प्रामाणिक भाग तोच वाटतो. मी तुमच्या तक्त्यावरून गणित करून पाहिलं. निम्मे, म्हणजे हातात सव्वादोन लाख आले, तर गावाचे धरून ३,७५,००० होतात. भाडं कमी होत नाही, पण एक स्वयंपाकाची बाई आणि एक सांभाळणारी ठेवून १६ मुलांचं जेवण धरलं, तर खर्च ३,७४,०००च्या आसपास जातो. म्हणजे १६ मुलं राहू शकतात. मुलगे आणि मुली मिळून एकाच बाईकडे सोपवणं तुम्हाला योग्य वाटतं का, ते मात्र तुम्ही ठरवा. नसेल वाटत तर आकडा आणखी खाली येईल. जो येईल तो सांगा. जास्त पैसे आले तर ते पुढच्या हंगामासाठी वेगळे ठेवू, हेही एका वाक्यात.

हे सगळं धरून संहितेचा मसुदा देतो. आईचा भाग मी लिहिलेला नाही, तो तिचा आहे.

दृश्य: ओट्यावर ठेवलेलं दप्तर. मग आई.
आई: टोळी निघायच्या आदल्या दिवसाची हकीकत, तिच्या शब्दांत. शेवटचं वाक्य ‘हिला ठिवून घ्या’. साधारण ४० सेकंदं.

दृश्य: कुलूप लागलेली घरं, रिकामा रस्ता.
तुमचा आवाज: ‘दसरा-दिवाळी झाली की आमच्या गावातल्या बऱ्याच घरांना कुलूप लागतं. माणसं ऊस तोडायला जातात. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको दोघांनाही जावं लागतं. मागं सांभाळणारं कुणी नसलं, की मुलंही गाडीत बसतात आणि शाळा तिथंच सुटते.’

दृश्य: वसतिगृहातली सकाळ, वेणी घालणारे हात, ताटं.
तुमचा आवाज: ‘ही मुलं गावातच राहावीत म्हणून आम्ही शिक्षक पाच महिने वसतिगृह चालवतो. यंदा ३० मुलं आहेत. दुपारी ती शाळेत जेवतात. सकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण आणि सुट्टीची दुपार आमच्याकडे. स्वयंपाकाला दोघी आहेत, मुलांना सांभाळायला दोघी.’

दृश्य: तुम्ही स्वतः, कॅमेऱ्याकडे बघून.
तुम्ही: ‘एका मुलाला महिन्याला ४,००० रुपये लागतात. त्यात जेवण आहे, जागा आहे, आणि या चौघींचा पगारही आहे. १,००० गावानं दिलेत. उरलेले ३,००० आम्ही तुमच्याकडे मागतोय. अशी १५५ माणसं हवी आहेत. ३,००० जमत नसतील तर एका दिवसाचे १०० द्या. १५ ऑक्टोबरला आम्हाला आईबापांना सांगायचंय, किती मुलं राहणार ते. सगळे पैसे जमले तर तीस, निम्मे जमले तर सोळा. हंगाम संपला की एप्रिलमध्ये खर्चाचा हिशेब याच पानावर टाकू. तुम्ही एका मुलाचा एक महिना उचलाल का?’

प्रश्न विचारून थांबा. त्यापुढे धन्यवाद, बोधवाक्य, संगीत काही नको. पडद्यावर फक्त ‘३,००० रुपये · एका मुलाचा एक महिना · १५ ऑक्टोबरपर्यंत’ आणि दुवा.

मराठीत निवांत बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. आईची चाळीस सेकंदं धरून हे अडीच मिनिटांच्या आत बसावं. मोठं होत असेल तर तुमच्या आवाजातलं कापा, आईचं नको. पैशांचा भाग तुम्ही स्वतः चेहरा दाखवून बोला. मागणारा माणूस दिसायला हवा, निवेदकाच्या भारदस्त आवाजामागे लपायला नको.

‘छान आहे’ ही प्रतिक्रिया तुम्हाला फसवते. पुढच्या वेळी तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या तीन-चार जणांना व्हिडिओ एकदाच दाखवा, फोन बाजूला ठेवा आणि विचारा: किती मागितले, कशाचे, कधीपर्यंत? कुणी ‘काहीतरी लाखांत होतं’ म्हणालं, तर मागणं पोहोचलेलं नाही, तो परिच्छेद पुन्हा लिहा. आणि त्यांना हेही विचारा की त्या आईबद्दल काय वाटलं. ‘बिचारी’ असं उत्तर आलं, तर तुम्ही रेकॉर्डिंगमधली चुकीची चाळीस सेकंदं ठेवली आहेत. रेकॉर्डिंगकडे परत जा आणि ती जिथं काही ठरवते, करते, तो तुकडा शोधा.

आईचं रेकॉर्डिंग सप्टेंबरच्या सुरुवातीलाच उरका. ऑक्टोबरात तिला बांधाबांधीतून वेळ मिळणार नाही, आणि मोहिमेला किमान चार आठवडे तरी हवेत. लेखापालांकडून तक्त्यावर सही घेऊन तो व्हिडिओसोबतच पानावर लावा.